पत्र लिहिण्याआधी त्यांचं लिखाण कसं वाचावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पासाठी बाहेरचा मार्गदर्शक शोधायला लागली की पहिल्या ईमेलचे मसुदे माझ्याकडे येतात आणि सोबत तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणातली संशोधिका आणि तिचे लेख नमुन्यासाठी रचलेले आहेत. सडा म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळाचं माळरान आणि गडगा म्हणजे सुटे दगड रचून घातलेली हद्दीची भिंत. हे दोन्ही आणि 2025 चा पाऊस मात्र खरा आहे.

"आधी त्यांचं काम वाच" असं सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं किती वाचायचं?

एक लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणखी दोन चाळा, आणि गेल्या चार-सहा महिन्यांतल्या पोस्ट बघा. याला एक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीचा तासभर लागतो. एक लेख पूर्ण वाचायचा हा माझा हट्ट आहे, कारण गोषवारा सगळेच वाचतात. त्यात सहा-सात वाक्यं असतात, त्यामुळे गोषवाऱ्यावरून लिहिलेली दहा पत्रं शेजारी ठेवली तर दहांतही तेच वाक्य फिरवून आलेलं दिसतं. ज्यांनी तो लेख लिहिला त्यांना हे लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशीचा तास टाळू नका. सकाळी लेख न उघडता त्यातलं काय आठवतंय ते कागदावर लिहा. जे आपसूक आठवलं, त्याबद्दलच तुम्ही खरेपणाने लिहू शकाल.

"अलीकडचं" म्हणजे किती अलीकडचं?

लेखाचं अलीकडचं आणि पोस्टचं अलीकडचं या वेगळ्या गोष्टी आहेत. शोधनिबंधावर यंदाचं साल असलं तरी त्यामागचं सड्यावरचं काम दोन-तीन वर्षांपूर्वी झालेलं असू शकतं. पद्धतीच्या भागात कोणत्या पावसाळ्यात मोजणी केली ते दिलेलं असतं, ते आधी बघा. तुमच्यासाठी नवा असलेला लेख लिहिणाऱ्यासाठी कदाचित संपलेला विषय असेल. आत्ता त्या कशात गुंतल्या आहेत, कुठे अडल्या आहेत, हे पोस्टमधून कळतं.

म्हणून दोन्ही वाचायचं. प्रश्न लेखातून घ्यायचा आणि तो आत्ता विचारण्यात अर्थ आहे का, हे पोस्टवरून ठरवायचं.

हे सगळं सापडतं कुठे? त्यांचा लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाही.

गूगल स्कॉलरवर त्यांचं पान असेल तर लेखांची यादी सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखापासून सुरू होते, म्हणजे बहुधा जुन्यापासून. YEAR या शब्दावर क्लिक केलं की नवे लेख वर येतात. एवढं न केल्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या कामाबद्दल "तुमचा अलीकडचा लेख" असं लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. लेख बंद असेल तर त्याखालचा All versions हा दुवा उघडा. लेखकांनी स्वतः ठेवलेली मोफत प्रत तिथे पुष्कळदा मिळते.

वर्तमानपत्रातले लेख शोधायला पहिली ओळ गूगलमध्ये आणि पोस्ट शोधायला दुसरी एक्सच्या शोधपट्टीत टाका, एवढं पुरतं (नाव, पत्ता आणि तारीख आपली घाला):

```
site:example.com "संशोधकाचं नाव"
from:username since:2025-05-01
```

लिंक्डइनवर त्यांच्या पानावरच्या Activity या भागात जा. तिथे त्यांनी स्वतः लिहिलेलं आणि दुसऱ्याचं पुढे पाठवलेलं एकत्र दिसतं, ते नीट वेगळं करा. दिवाळी अंकातला लेख ऑनलाइन नसेल तर वाचनालयात जाऊन वाचा.

एवढं करूनही लेख मिळाला नाही तर प्रत मागणारं दोन ओळींचं पत्र लिहायला काहीच हरकत नाही. मात्र त्या पत्रात, न वाचलेल्या लेखाचं कौतुक करू नका.

लेख इंग्रजीत आहे आणि संख्याशास्त्र डोक्यावरून जातं. तरी लिहू का?

लिहा, पण जे कळलं त्याबद्दलच. प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात लेखाचा प्रश्न काय ते सापडतं. पद्धतीच्या भागात माणसं कुठे गेली, किती वेळा गेली, काय मोजलं आणि काय मोजलं नाही हे असतं. तो भाग सावकाश वाचला तर बी.एस्सी.च्या मुलालाही कळतो. चर्चेच्या भागात लेखक स्वतःच्या कामाच्या मर्यादा सांगतात. हे तीन भाग समजले तर तक्ते अर्धवट कळले तरी चालतं.

एखादी चाचणी कळली नसेल तर तिचं नाव पत्रात घालू नका. पहिल्याच फोनवर तिच्याबद्दल विचारलं जाईल.

वाचताना नेमकं काय शोधायचं?

त्यांचा लेख आणि तुमचा अनुभव जिथे एकमेकांना भिडतात ती जागा. ही बाब उदाहरणाशिवाय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा, एक संशोधिका रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर काम करते. जांभ्याच्या उघड्या कातळावर सुटे दगड पडलेले असतात आणि त्यांच्या आडोशाला विंचू, पाली, बेडूक, साप राहतात. तिच्या निबंधात उघडा सडा आणि सड्यावर केलेली कलमांची बाग यांची तुलना आहे. दोन्हीकडे ठरावीक मापाच्या चौकटी आखल्या, दगड उचलून खालचे प्राणी मोजले आणि दगड होता तसा परत ठेवला. बागेत प्राणी कमी मिळाले. कारण असं दिलं आहे की बाग करताना सुरुंग लावून खड्डे घेतात, बाहेरून माती आणून भरतात आणि सुटे दगड काढून टाकतात.

हा लेख आमच्या एका वाडीतला मुलगा वाचतोय असं धरा. "दगड काढून टाकतात" या शब्दांशी तो थांबायला हवा, कारण ते दगड जातात कुठे हे त्याला माहीत आहे. त्यांचे बागेच्या हद्दीवर गडगे रचतात. त्याने स्वतः ते रचले आहेत, आणि पडलेला गडगा उचलताना आतून विंचू निघालेला पाहिलाय. मग तो पद्धतीचा भाग पुन्हा वाचतो आणि त्याला दिसतं की चौकटी बागेच्या मध्यावर घेतल्या होत्या, गडगा मोजणीत नव्हता. म्हणजे बागेतले प्राणी नाहीसे झाले, की निदान काही गडग्यात सरकले? हा प्रश्न लेखात नाही. तो नुसत्या वाचनातून सुचणार नाही, आणि लेख न वाचता नुसतं वाडीत राहूनही सुचणार नाही.

आता पोस्टकडे या. 2025 मध्ये मान्सून केरळात 24 मे रोजी आणि मुंबईत 26 मे रोजी पोहोचला, नेहमीपेक्षा बराच आधी. त्या आठवड्यात तिने लिहिलं होतं की पावसाआधीची शेवटची फेरी राहून गेली. यावरून दोन गोष्टी कळतात. काम अजून चालू आहे, आणि पावसाआधीचे महिने तिला महत्त्वाचे आहेत. मुलाचा प्रकल्प जानेवारी ते मे या सत्रात आहे. हे जुळलं.

शोधताना वहीत तीनच गोष्टी टिपा: कोणत्या वाक्याशी थांबलो, का थांबलो, आणि ते लेखाच्या कोणत्या भागात आहे. तिसरी गोष्ट महत्त्वाची, कारण पत्र लिहिताना आठवणीतलं वाक्य आणि लेखातलं वाक्य यांत फरक पडलेला असतो. पाठवण्याआधी ती जागा पुन्हा उघडून बघा.

मग प्रत्यक्ष पत्र कसं लिहायचं?

आधी माझ्याकडे येतो तसा मसुदा बघा.

"आदरणीय मॅडम, आपलं संशोधन वाचून मी अत्यंत प्रभावित झालो. सड्यांच्या जैवविविधतेवरील आपलं कार्य अतिशय मोलाचं आणि प्रेरणादायी आहे. मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपला ऋणी राहीन."

यात "सड्यांच्या" ऐवजी "खाडीच्या" घाला आणि दुसऱ्या कुणाला पाठवा. काहीच बिघडत नाही. मुलगा खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच आवड आहे, पण तो खरा आहे हे या पत्रातून कळायला वाव नाही.

आता वरची टिपणं हाताशी घेऊन लिहिलेलं पत्र. विषय: "बागेतले सुटे दगड आणि गडगे: एक प्रश्न".

"नमस्कार मॅडम,

सड्यावरच्या सुट्या दगडांखालच्या प्राण्यांवरचा तुमचा लेख या आठवड्यात पूर्ण वाचला. बागेत प्राणी कमी मिळण्याचं एक कारण तुम्ही दगड काढून टाकणं हे दिलं आहे. आमच्या वाडीत ते दगड लांब जात नाहीत, त्यांचेच हद्दीवर गडगे घालतात. गेल्या मे महिन्यात आमचा गडगा एका ठिकाणी ढासळला. तो पुन्हा रचताना आत दोन पाली आणि एक विंचू दिसला. तुमच्या चौकटी बागेच्या मध्यावर होत्या असं पद्धतीच्या भागावरून मला समजलं. गडग्यातले दगड कधी तपासले होते का?

मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारी ते मे प्रकल्प करायचा आहे. यंदा तुमची पावसाआधीची फेरी राहिल्याचं पोस्टमध्ये वाचलं. या प्रश्नावर प्रकल्प होऊ शकेल का आणि तुम्ही मार्गदर्शन करू शकाल का, हे विचारायला लिहितो आहे. आमच्या गडग्याचे दोन फोटो जोडले आहेत."

खाली नाव, महाविद्यालय, फोन. संपलं.

यात "प्रभावित" हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणारीला कळतं की कुणीतरी तिचा पद्धतीचा भाग दोनदा वाचला. "मला समजलं" असं लिहिलंय, त्यामुळे मुलाचं वाचन चुकलं असेल तर तिला सहज दुरुस्त करता येईल. दोन पाली आणि एक विंचू एवढ्यावरून त्याने निष्कर्ष काढलेला नाही, नुसतं पाहिलेलं सांगितलं आहे. पोस्टचा उल्लेख एका वाक्यात आहे आणि तो प्रकल्पाच्या तारखांना लागून आहे. स्वतःची ओळख दुसऱ्या परिच्छेदात येते. प्रश्न वाचून झाला की "हा कोण?" हे तिला आपणहून जाणून घ्यावंसं वाटतं.

म्हणजे कौतुक करायचंच नाही का?

करा, पण नेमकं कशाचं ते सांगता येत असेल तरच. "दगड होता तसा परत ठेवल्याचं तुम्ही आवर्जून लिहिलंय, ते वाचून आम्ही आमची मोजणीची पद्धत बदलली" हे कौतुक आहे, कारण त्यामागे काहीतरी घडलेलं आहे. घडलं नसेल तर असं वाक्य रचू नका. "अप्रतिम", "प्रेरणादायी", "मोलाचं" हे शब्द पुसून पत्र पुन्हा वाचा. काही उरलं नाही तर अजून वाचन झालेलं नाही असं समजा.

मदत हवी आहे हे पहिल्याच पत्रात सांगू, की आधी नुसती लेखावर चर्चा करू?

सांगा. आधी लेखाबद्दल गोड बोलून आठवड्याने प्रकल्प मागितला की पहिलं पत्र मागे वळून खोटं ठरतं, त्यातला प्रश्न खरा असला तरी. वरच्या नमुन्यात मागणी उघड आहे आणि ती प्रश्नातूनच निघाली आहे.

लेखावर पाच नावं आहेत. "तुम्ही केलेलं काम" असं कुणाला म्हणू?

जीवशास्त्रात बहुधा पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं असतं. गणितात नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने लावायची पद्धत आहे, त्यामुळे तिथे क्रमावरून काहीच ठरत नाही. अंदाज बांधण्यापेक्षा लेखाच्या शेवटी Author contributions हा भाग आहे का बघा. त्यात क्षेत्रकाम कुणी केलं, विश्लेषण कुणी केलं हे लिहिलेलं असतं.

आमच्या एका विद्यार्थिनीने गटप्रमुखांना "तुम्ही तीन पावसाळे केलेल्या मोजणीबद्दल" लिहिलं होतं. ती मोजणी पहिलं नाव असलेल्या मुलीने केली होती. सरांनी ते पत्र तिच्याकडे पाठवलं आणि उत्तर तिच्याकडून आलं. ते सविस्तर होतं आणि उपयोगाचंही. तेव्हापासून मी सांगते की पद्धतीबद्दल प्रश्न असेल तर पहिल्या नावाला लिहा आणि प्रयोगशाळेत जागा हवी असेल तर गटप्रमुखांना. दोघांनाही लिहायचं असेल तर प्रत्येकाला दुसऱ्याचा उल्लेख करून लिहा. ते एकाच खोलीत चहा पितात.

वर्तमानपत्रातल्या लेखाचं शीर्षक मला खटकलं. ते लिहू का?

नको. शीर्षक पुष्कळदा संपादकीय विभाग देतो, लेखक नव्हे. पोटमथळे आणि चित्राखालच्या ओळींचंही तेच. मजकुरातलं वाक्य धरा.

लेखात चूक सापडली असं वाटतंय. पहिल्याच पत्रात सांगणं उद्धटपणा ठरेल का?

चूक कोणत्या जातीची आहे त्यावर अवलंबून आहे. तक्त्यातली बेरीज जुळत नसेल, नकाशावर गावाचं नाव चुकलं असेल, तर पान आणि ओळ देऊन सरळ सांगा. त्याआधी लेखाच्या पानावर दुरुस्ती आधीच छापली आहे का ते तपासा. निष्कर्षच चुकलाय असं वाटत असेल तर तो प्रश्न म्हणून विचारा, आणि तुम्ही काय पाहिलंत ते सोबत द्या. गडग्याचा प्रश्न खरं तर याच जातीचा आहे.

टोमणा मात्र नको. "तुमच्या लक्षात आलं नसावं" हे शब्द मसुद्यात दिसले की मी ते खोडते.

त्यांच्या पोस्टमध्ये आजारपणाबद्दल, घरच्यांबद्दलही असतं. आपुलकी म्हणून उल्लेख करावा का?

करू नका. सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं असलं तरी ते अनोळखी माणसाच्या पत्रात येण्यासाठी लिहिलेलं नसतं. कामाच्या पत्रात कामाचं लिखाण. एकच अपवाद मी मानते: त्यांनी स्वतः "आजारपणामुळे सहा महिने ईमेलना उत्तर देणार नाही" असं लिहिलं असेल, तर तेवढा काळ पत्र पाठवू नका. पत्रात त्याचा उल्लेखही नको.

आणखी एक. वाचताना जुन्या पोस्टना एकामागून एक पसंती देत जाऊ नका. समोरच्याला रात्री अकरा वाजता पंधरा सूचना येतात आणि सकाळी तुमचं पत्र येतं, हे अंगावर येतं.

लिंक्डइनवर चिठ्ठीला जागाच नसते. आणि मराठीत लिहू की इंग्रजीत?

जोडणीच्या विनंतीसोबतची चिठ्ठी दोन-तीनशे अक्षरांत बसवावी लागते, आणि देवनागरीत ती फार लवकर भरते. काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "विद्यार्थी" आपल्याला तीन अक्षरी वाटतो, यंत्र त्याची दहा चिन्हं मोजतं. म्हणून तिथे एकच वाक्य लिहा: "बागेतल्या दगडांवरचा तुमचा लेख वाचला, गडग्यांबद्दल एक प्रश्न आहे, ईमेल करू का?" बाकीचं ईमेलमध्ये.

भाषा त्यांच्या पोस्टवरून ठरवा. ज्या मराठीत पोस्ट लिहितात त्यांना मराठीत लिहा, निबंध इंग्रजीत असला तरी. "गडगा" या शब्दाला इंग्रजीत तेवढं नेमकं काही नाही. गटात मराठी न समजणारे असतील आणि पत्र पुढे जाण्याची शक्यता असेल तर इंग्रजीत लिहा आणि गडगा हा शब्द तसाच ठेवून एका ओळीत समजावून सांगा.

सगळं वाचलं, पण थांबावं असं एकही वाक्य सापडलं नाही. आता?

मग त्यांना लिहू नका, निदान या कारणासाठी तरी नको. ओढूनताणून काढलेला प्रश्न ओळखू येतो, त्याचं उत्तर लेखातच असतं. ज्याच्या लेखाशी तुम्ही थांबलात असा दुसरा माणूस शोधा. प्रवेशासाठी एखाद्याला लिहिणं भागच असेल, तर "प्रकल्पासाठी जागा आहे का" एवढंच सभ्यपणे विचारा. वाचल्याचा आव आणू नका.

त्यांनी तीन वर्षांत काहीच लिहिलेलं नाही. मग काय वाचू?

त्यांच्या विद्यार्थ्यांचं वाचा. प्रबंध, परिषदेतली भाषणं, सहलेखकांचे नवे लेख यांत त्यांचं चालू काम दिसतं. जुन्या लेखाबद्दल लिहायचं असेल तर तो जुना आहे हे तुम्हाला माहीत असल्याचं पहिल्या वाक्यात येऊ द्या: "2014 च्या लेखातल्या त्या तळ्यावर मी या पावसाळ्यात जाऊन आलो, आता तिथे कुंपण आहे." हे तुम्ही खरंच जाऊन आला असाल तर.

उत्तर आलं नाही. पुन्हा लिहू का?

दोन-तीन आठवड्यांनी एकदा, त्याच पत्राखाली, दोन ओळी. पण आधी त्यांच्या पोस्ट पुन्हा बघा. जून ते सप्टेंबर सड्यावर काम करणारी माणसं सड्यावर असतात, संगणकासमोर नसतात. त्या काळात पाठवलं असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. मधल्या काळात गडग्याची आणखी एक नोंद मिळाली असेल तर तीच त्या दोन ओळींत लिहा.